लीजवरचे यंत्र मुदतीआधी घेताना

लीजवर, म्हणजे भाडेपट्ट्यावर घेतलेले यंत्र एखाद्या कारखान्याला मुदतीआधीच विकत घ्यायचे असते. अशा वेळी लीज कंपनीला लिहायच्या पत्रात नुसती एक रक्कम मागू नका, तिची फोड मागा, असे मी सांगतो.

समजा, महिना ५० हजारांचे २४ हप्ते बाकी आहेत आणि अखेरीस यंत्राची ठरलेली किंमत १ लाख आहे. साधी बेरीज १३ लाख होते. पण दोन वर्षांत द्यायचे पैसे आपण आज देत आहोत. पुढच्या महिन्यापासूनचे हप्ते आणि ती अखेरची किंमत महिना १ टक्का दराने आजच्या मूल्यात आणली, तर सुमारे ११ लाख ४१ हजार होतात. फरक १ लाख ५९ हजारांचा!

म्हणून पत्रात विचारावे : बाकी हप्ते किती, सूट कोणत्या दराने, अखेरची किंमत किती, मुदतपूर्व आकार व जीएसटी किती, अनामत वजा केली का? आकडा कोणत्या तारखेपर्यंत लागू, हेही लेखी मागावे. मध्ये एक हप्ता भरला गेला, की हिशेब बदलतो.

करारात मुदतपूर्व खरेदीचे कलम नसेल, तर सारे लीज कंपनीच्या मर्जीवर राहते. कलम असल्यास त्याचा क्रमांक पत्रात द्यावा. शेवटी, विक्रीचे बिल आणि ना-हरकत पत्र किती दिवसांत मिळेल, तेही विचारावे. पैसे भरूनही हे कागद हाती नसतील, तर यंत्र आपले झाल्याचा पुरावा राहत नाही.