गाडीचा हिशेब : लेखांक ७
टायर किती रुपयांचा नको, किती पैशांचा विचारा

टायरच्या दुकानात उभे राहिले की पहिला प्रश्न नगाच्या भावाचा असतो. पण टायर आपण नगावर वापरत नाही, किलोमीटरवर वापरतो. म्हणून या आठवड्यात बजेट, मिड-रेंज आणि प्रीमियम हे तिन्ही वर्ग एकाच मापाने मोजू : एका किलोमीटरला किती पैसे.

उदाहरणासाठी पुण्यातली एक हॅचबॅक घेऊ. टायरचा साइज १८५/६५ आर १५. मालक कोथरूडहून हिंजवडीला नोकरीला जातात. येऊन-जाऊन पस्तीसेक किलोमीटर आणि शनिवार-रविवारची कामे धरली, तर गाडी वर्षाला दहा हजार किलोमीटर चालते. चार टायर, बॅलन्सिंग आणि व्हॉल्व्ह मिळून बजेट संच १८ हजारांना, मिड-रेंज २३ हजारांना आणि प्रीमियम ३१ हजारांना पडतो असे धरू. तुमच्या दुकानातले भाव वेगळे असतील, तेव्हा हे आकडे बदलून घ्या. रीत तीच राहते.

आता आयुष्य. बजेट टायर ३५ हजार, मिड-रेंज ४५ हजार आणि प्रीमियम ५० हजार किलोमीटर चालेल असे मानू. प्रीमियमचे आयुष्य मुद्दाम थोडेसेच वाढवून धरले आहे. अनेक प्रीमियम टायरांत जादा पैसे ओल्या रस्त्यावरची पकड, कमी आवाज आणि आरामासाठी घेतलेले असतात, नुसत्या टिकाऊपणासाठी नव्हे. पकड देणारे मऊ रबर लवकर झिजू शकते. त्यामुळे किंमत दीडपट म्हणजे आयुष्य दीडपट, हे गणित टायरला लागू पडत नाही.

भागाकार केला की बजेटला किलोमीटरमागे ५१ पैसे येतात. मिड-रेंजलाही ५१ येतात. प्रीमियमला ६२. नगामागे बजेट आणि मिड-रेंज यांच्यात सव्वा हजाराचा फरक दिसत होता, तो किलोमीटरवर आणला तेव्हा उरलाच नाही. शिवाय मिड-रेंजवाल्याला दुकानाची फेरी वर्षभर उशिरा मारावी लागते.

पण हा हिशेब एका अटीवर खरा आहे : टायर झिजून संपला पाहिजे. शहरातले कितीतरी टायर झिजण्याआधी म्हातारे होतात. ऊन, उष्णता आणि हवेतला ऑक्सिजन यांनी रबर कडक होते आणि बाजूच्या भिंतीला बारीक तडे जातात. नक्षी भरपूर शिल्लक असली तरी असा टायर पावसात घसरतो. म्हणून पाच वर्षांनंतर टायर दरवर्षी तपासून घ्यावा आणि कडकपणा किंवा तडे दिसले तर बदलावा. वय कळण्यासाठी टायरच्या भिंतीवर डीओटी या अक्षरांनी सुरू होणारी ओळ शोधा. तिच्या शेवटच्या चार अंकांपैकी पहिले दोन आठवडा सांगतात, नंतरचे दोन वर्ष. ‘१४२५’ म्हणजे २०२५ सालचा चौदावा आठवडा. नवा टायर घेतानाही हे अंक आधी वाचा. दुकानात दोन वर्षे पडून राहिलेला टायर तुमच्या पाचांपैकी दोन वर्षे आधीच खाऊन बसलेला असतो.

समजा त्याच मालकांना आठवड्यातून तीन दिवस घरून काम मिळाले आणि गाडी वर्षाला पाच हजार किलोमीटरवर आली. टायर पाच वर्षांनी बदलायचा असे धरले, तर झाले २५ हजार. तिन्ही टायरांचे आयुष्य यापेक्षा जास्त असल्याने भागाकार सर्वांसाठी २५ हजारांनीच करावा लागेल. बजेट ७२ पैसे, मिड-रेंज ९२, प्रीमियम १ रुपया २४ पैसे. गाडी कमी चालली की महाग टायरचे जादा किलोमीटर वापरात येतच नाहीत, फक्त पैसे मोजले जातात. म्हणून किंमत भागायची ती दोन आकड्यांतल्या लहान आकड्याने : नक्षी संपेपर्यंतचे किलोमीटर, किंवा वय होईपर्यंत तुमची गाडी जितकी चालेल ते किलोमीटर.

नक्षी संपली म्हणजे किती? टायरच्या खाचांत तळाशी छोट्या आडव्या पट्ट्या असतात. नक्षी त्यांच्या पातळीला आली म्हणजे खोली १.६ मिलिमीटर उरली. हीच कायदेशीर मर्यादा. पण आपल्याकडच्या जोरदार पावसात टायरखालचे पाणी बाहेर फेकायला खाच खोल हवी. मी हिशेब ३ मिलिमीटरवरच थांबवते आणि मे महिन्यात माप घ्यायला सांगते. त्यामुळे नव्या टायरची वापरण्याजोगी नक्षी साधारण ८ वरून ३ पर्यंत, म्हणजे ५ मिलिमीटरच धरायची.

आता दुकानदाराच्या शब्दाऐवजी स्वतःची झीज मोजा. नक्षी मोजायचा साधा गेज शे-दोनशे रुपयांत मिळतो. टायरच्या आतल्या कडेला, मध्ये आणि बाहेरच्या कडेला, अशा तीन जागी मोजा आणि सर्वांत कमी आकडा लिहून ठेवा. समजा मिड-रेंज संचाची खोली १२ हजार किलोमीटरनंतर ८ वरून ६.२ झाली. म्हणजे हजार किलोमीटरला ०.१५ मिलिमीटर. ३ पर्यंत यायला ३.२ मिलिमीटर उरले, त्यात आणखी २१ हजार किलोमीटर निघतील. एकूण ३३ हजार. किलोमीटरला ५१ पैशांचा टायर इथे ७० पैशांचा झाला. नव्या टायरची पहिली झीज थोडी जास्त असते, त्यामुळे पुढे आकडा किंचित सुधारेल. पण ४५ हजारांची आशा सोडलेली बरी.

त्यातच आतल्या कडेचा आकडा मधल्यापेक्षा बराच कमी असेल, तर दोष अलाइनमेंटमध्ये शोधा. दोन्ही कडा झिजून मध्य शाबूत असेल, तर हवा कमी आहे. अशा गाडीवर महाग टायर बसवणे म्हणजे खर्च वाढवणे. आधी अलाइनमेंट करा आणि पंधरा दिवसांतून एकदा थंड टायरची हवा तपासा.

इंधनाचा भागही विसरू नका. पेट्रोल १०४ रुपये लिटर आणि अॅव्हरेज १५ धरले, तर किलोमीटरला जवळजवळ ७ रुपये इंधनाचे जातात. हलका फिरणारा टायर यातले दोन टक्के जरी वाचवू शकला, तर १४ पैसे वाचतात. बजेट आणि प्रीमियम यांच्यातल्या ११ पैशांच्या फरकापेक्षा हे जास्त आहे. मात्र हा गुण किमतीवरून ओळखता येत नाही. काही टायरांवर ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचे तारांकन असते, ते पाहा. थांबत-थांबत चालणाऱ्या वाहतुकीत ही बचत थोडी कमी भरेल, हेही ध्यानात ठेवा.

शेवटी निवड कशी करायची? वर्षाला दहा हजारांच्या आसपास किंवा जास्त चालणाऱ्या गाडीला मिड-रेंज घ्या. तिथे तो किलोमीटरवर महाग पडत नाही आणि पकडीतही बहुधा सरस. गाडी पाच हजारांवर असेल, तर चांगल्या नावाचा, ताज्या तारखेचा बजेट टायर पुरतो, पण ओल्या रस्त्यावर ब्रेक कसे लागतात हे तपासल्याशिवाय निवडू नका. प्रीमियम घ्यायचा असेल, तर तो पावसातल्या पकडीसाठी आणि शांततेसाठी घ्या. दहा हजार किलोमीटरला त्याची जादा किंमत वर्षाला हजार-अकराशे रुपये आहे. काटकसरीच्या नावाखाली मात्र तो घेऊ नका.