दोषनिवारण तक्त्याचा अनुवाद : ओळींच्या अन्वयाचा प्रश्न

यंत्राच्या माहितीपुस्तिकेतील दोष, कारण आणि उपाय यांचा तक्ता सलग गद्यासारखा वाचला जात नाही. त्यातील अर्थ शब्दांइतकाच जागेवर अवलंबून असतो. विहिरीवरील तीन फेजच्या सेंट्रिफ्युगल पंपाचे उदाहरण घेतल्यास हे स्पष्ट होते. ‘पंप पाणी देत नाही’ हा दोष एकच. परंतु त्यापुढे चार कारणे येतात: पंपात पाणी भरलेले नाही, फूटव्हॉल्व्हची जाळी तुंबली आहे, पंप उलट्या दिशेने फिरतो, ओढ नळीच्या सांध्यातून हवा आत शिरते. उपायही चार आहेत आणि प्रत्येक उपाय एकाच कारणाचा आहे.

अनुवादक पुष्कळदा आधी सर्व कारणे आणि नंतर सर्व उपाय मराठीत आणतो. मराठी वाक्य लांबून एका रकान्यात दोन ओळींचे झाले, की शेजारचा रकाना मागे पडतो. मग ‘मोटारीच्या कोणत्याही दोन फेजच्या वायरींची अदलाबदल करा’ हा उलट्या फिरण्यावरचा उपाय एक घर खाली सरकून हवा शिरण्यासमोर येतो. तो पाळणाऱ्या शेतकऱ्याचा पंप आतापर्यंत योग्य दिशेने फिरत असतो. तो आता उलटा फिरू लागतो. सांधा गळका राहतोच, शिवाय नवा दोष जडतो.

दुसरी अडचण शब्दांची आहे. बोलीत ‘पंपाने हवा धरली’ असे म्हटले जाते. हा प्रयोग जिवंत असला तरी तो पहिल्या व चौथ्या अशा दोन्ही कारणांना लागू पडतो. दोन्ही ठिकाणी तोच वापरल्यास कारणे एकरूप दिसतात आणि उपाय मात्र भिन्न राहतात: एकात पंप व नळी पाण्याने पूर्ण भरायची असते, दुसऱ्यात सांधे घट्ट करायचे असतात. म्हणून कारणाच्या रकान्यात हवा कोठून आली हेच लिहिले पाहिजे.

यावर तीन पथ्ये उपयोगी पडतात. मुळातील प्रत्येक कारणाला १क, १ख असा क्रमांक देऊन अनुवाद आडव्या ओळीने करावा. एका कारणाचे दोन उपाय असतील तर ते एकाच क्रमांकाखाली ठेवावेत. तसेच उपायात कारणातील नाम पुन्हा लिहावे. नुसते ‘साफ करा’ कोणत्याही ओळीत खपून जाते. ‘जाळी साफ करा’ हे वाक्य चुकीच्या ओळीत गेले तर लगेच उघडे पडते. ‘वरीलप्रमाणे’ हा शब्द टाळावा, कारण वरची ओळ हलली की तो दुसऱ्याच उपायाकडे बोट दाखवतो.

छपाईपूर्वीची तपासणी उलट दिशेने करावी. कारणांचा रकाना झाकून केवळ उपाय वाचावा आणि त्यावरून कारण ओळखावे. ते ओळखता आले नाही, तर उपायातील नाम गळाले आहे. ओळखलेले कारण शेजारच्या ओळीत सापडले, तर ओळ सरकली आहे. अर्थात मूळ तक्त्यातच चूक असेल, तर ती या तपासणीत दिसतेच असे नाही. तेथे पंप जाणणारा माणूसच लागतो.