बजेट, वेंडर आणि संध्याकाळी पाचला बंद पडलेला जनरेटर

आजचा एपिसोड माझ्या मामेबहिणीच्या अर्जाबद्दल. मी सॉफ्टवेअरवाला, पण नागपुरात इव्हेंट मॅनेजरच्या जागेसाठी ती अर्ज भरत होती आणि मसुदा वाचायला माझ्याकडे आला. फॉर्ममध्ये प्रश्न होता: तुम्ही सांभाळलेला एक मोठा कार्यक्रम, त्याचं बजेट, वेंडर आणि ऐनवेळची अडचण सांगा.

तिनं लिहिलं होतं, "अनेक वेंडर सांभाळून कार्यक्रम बजेटमध्ये यशस्वी केला." मी म्हटलं, "अगं, हे तर कोणीही लिहील. त्या दिवशी झालं काय ते सांग." "दादा, ते लिहू का खरंच? इज्जत जाईल ना!" नाही जात. तेच तर विचारलंय.

कार्यक्रम म्हणजे मे महिन्यातलं रिसेप्शन, वर्धा रोडवरचं लॉन, ११०० पानं. बजेट १६ लाख. त्यातले ६ लाख ६० हजार जेवणाचे (६०० रुपये ताट), बाकी लॉन, डेकोरेशन, लाइट-साउंड-जनरेटर, फोटो. आणि ८० हजार मुद्दाम बाजूला ठेवलेले. हा शेवटचा आकडा ती लिहिणारच नव्हती! मला तोच सगळ्यात महत्त्वाचा वाटला, कारण अडचणीचा खर्च त्यातूनच निघाला.

संध्याकाळी पाचला १२५ केव्हीएचा जनरेटर बंद पडला. लॉनचं वीजजोड लहान, सगळी भिस्त त्याच्यावरच. ओळखीतून ६२.५ केव्हीएचा मिळाला, म्हणजे साधारण ५० किलोवॅट. पूर्ण ताण द्यायचा नाही म्हणून तिनं ४० ची मर्यादा धरली. गरज होती ५८ ची.

मग तिनं इलेक्ट्रिशियनला बसवून यादी केली. स्टेज आणि मैदानाचे दिवे २०, साउंड ७, एलईडी वॉल ५, कूलर ८, पाण्याचा पंप अन् किचन ३, गेटवरची रोषणाई १५. रोषणाई बंद केली तर ४३. तरी जास्तच. एलईडी वॉलही गेली, आकडा ३८ वर आला. कूलरला मात्र हात लावला नाही. नागपूरचा मे आहे बापा, पाहुणे जेवणाआधीच पळाले असते.

एलईडी वॉल का नाही, हे नवरीच्या बाबांना तिनं पाहुणे यायच्या आधीच सांगितलं. ते चिडले. तेही अर्जात आलं.

दुसरा जनरेटर २४ हजार, इलेक्ट्रिशियनचे जास्तीचे ३ हजार. ८० मधले २७ गेले, एकूण खर्च १५ लाख ४७ हजार. पहिल्या वेंडरचं नाव मी काढायला लावलं, नुसतं "जनरेटर वेंडर" ठेवलं. उणीदुणी काढणारा अर्ज वाचायला बरा नाही वाटत, शिवाय चूक तिचीही होती. करारात पर्यायी जनरेटरची अट नव्हती. शेवटचं वाक्य तिनं स्वतःच लिहिलं: "आता दुसरा जनरेटर कुठून येणार हे लिहून घेतल्याशिवाय मी ॲडव्हान्स देत नाही."