दादाचे कान टोचले!

वाक्प्रचारावर विनोदी संवाद लिहा म्हटलं, की मुलं बहुधा 'पोटात कावळे ओरडणे' निवडतात. पण पोटात खरा कावळा असेल, असं कुणालाच वाटत नाही. म्हणून गंमत फसते. शब्दशः अर्थही रोज घडू शकेल, असा वाक्प्रचार हवा. उदाहरणार्थ, 'कान टोचणे' म्हणजे चूक दाखवून समज देणे. पण कान तर खरेही टोचतात!

आजी : आज बाबांनी दादाचे चांगलेच कान टोचले.
चिनू : अरे बापरे! खूप दुखलं असेल ना?
आजी : दुखायलाच हवं. त्याशिवाय सुधारणार नाही तो.
चिनू : रडला का गं?
आजी : नाही. मान खाली घालून गप्प बसलाय.
चिनू : थांब, हळद-तेल आणते. माझे टोचले तेव्हा तू लावलं होतंस ना?

आजीचं दुसरं वाक्य बघा. ते दोन्ही अर्थांनी चालतं, म्हणून गैरसमज टिकतो. तिथेच 'अभ्यास करत नाही म्हणून' असं लिहिलं असतं, तर चिनूला लगेच कळलं असतं. चिनूही वेडी नाही. तिला जे समजलं, त्याला धरून ती बरोबरच बोलते.

शेवटी 'अगं, हा वाक्प्रचार आहे' असं आजीला सांगायला लावू नका. हळद-तेल आलं, की वाचणाऱ्याला सगळं कळतं.

लिहून झाल्यावर मुलांना प्रत्येक ओळ दोनदा वाचायला सांगा, एकदा आजीच्या अर्थाने आणि एकदा चिनूच्या. शेवटच्या ओळीआधीच एखादी ओळ अडली, तर तीच बदलायची.