खारीचा फोटो: वरून नव्हे, कडेने

बेकरीतल्या जिन्नसाचा फोटो कुणी पाठवला, की आपण आधी वरचा रंग बघतो. रंगावरून फारसं काही कळत नाही, कारण पाव, टोस्ट आणि खारी तिन्ही वरून तांबूसच असतात. ओळख पटते ती कडेला.

समजा बशीत बोटभर जाडीचा, लांबट, तांबूस तुकडा आहे. तो टोस्ट की खारी? कडेला बारीक छिद्रांची जाळी दिसली, तर तो टोस्ट. यीस्टने फुगवलेला पाव कापून पुन्हा भाजला, की टोस्ट होतो, आणि ती छिद्रं मूळ पावाचीच असतात. लादीपाव तर आणखी सोपा: शेजारच्या पावाला चिकटून भाजल्यामुळे त्याच्या बाजू पांढऱ्या आणि तंतुमय राहतात.

कडेला पानांसारखे पदर सुटलेले दिसले, तर मात्र ती खारी. तिच्यात सहसा यीस्ट नसतं. मैदा, मीठ आणि पाणी मळून पोळी लाटतात, त्यावर मार्गारीन किंवा वनस्पती पसरून घडी घालतात, पुन्हा लाटतात. तिपदरी घडी चार वेळा घातली, की स्निग्धाचे 81 थर होतात. भट्टीत पाण्याची वाफ होते आणि हे थर एकमेकांपासून उचलले जातात. स्निग्ध जिन्नस कमी पडला किंवा लाटताना वितळला, तर पदर चिकटतात आणि खारी चिवट होते. फोटोत ती मधे गच्च, कच्च्या कणकेसारखी दिसते.

आता हिशेब करू. एक किलो मैद्याला अर्धा किलो मार्गारीन धरलं, तर त्यात सुमारे 400 ग्रॅम शुद्ध स्निग्ध असतं. भाजताना पाणी उडून जातं आणि सव्वा ते दीड किलो खारी हाती येते. म्हणजे हलक्याफुलक्या दिसणाऱ्या खारीत जवळजवळ तीस टक्के स्निग्ध. साध्या पावात ते दोन-चार टक्केच, टोस्टमध्ये थोडं जास्त. फोटोत खारीखालच्या कागदावर तेलकट डाग दिसतो तो यामुळेच.

पण ते स्निग्ध लोणी आहे की वनस्पती, हे फोटो सांगू शकत नाही. पिवळेपणावर तर अजिबात भिस्त ठेवू नका, मार्गारीनलाही रंग घालतात. 'मस्का खारी' हे नावही पुरावा नव्हे. पाकीट असेल तर घटकांची यादी वाचा, त्यात घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात. ट्रान्स फॅटवर जानेवारी 2022 पासून दोन टक्क्यांची मर्यादा आहे, पण ती एकूण स्निग्धाच्या दोन टक्के, खारीच्या वजनाच्या नव्हे. सुटी खारी घेताना बेकरीवाल्याला सरळ विचारावं. नाहीतर एक तुकडा खाऊन बघावा: लोणी तोंडात लगेच विरघळतं, घट्ट वनस्पतीचा मेणचट थर टाळूला चिकटून राहतो.