बाळाच्या झोपेची आठवड्याची नोंद

‘डॉक्टर, बाळ रात्रभर झोपत नाही, काही औषध द्या,’ ही तक्रार दवाखान्यात नेहमीची. औषधाची गरज सहसा नसते. बाळाची सवय बदलण्याआधी सात दिवस झोपेची नोंद ठेवावी.

एका आखीव कागदावर प्रत्येक दिवसासाठी चोवीस चौकोनांची एक ओळ काढा. ओळ सकाळी सहाला सुरू करून दुसऱ्या दिवशी सहाला संपवावी, म्हणजे रात्र मध्येच तुटत नाही. बाळ झोपेल तेवढे चौकोन पेन्सिलीने काळे करा. दूध पाजल्यास ‘दू’ आणि रडून उठल्यास ‘र’ लिहा. लस, ताप किंवा प्रवास असेल, तर त्या ओळीवर खूण करा. कागद पाळण्याजवळच टांगावा, कारण सकाळी आठवून लिहिलेली रात्र नेहमी खरी असते त्यापेक्षा मोठी वाटते. या सात दिवसांत नेहमीचा क्रम मुळीच बदलू नये.

आठ महिन्यांच्या एका मुलीचे उदाहरण पाहू. ती अकरापर्यंत झोपत नाही, अशी आईची तक्रार होती. नोंदीची बेरीज केली, तर रोजची झोप साडेबारा ते तेरा तास भरली. चार महिने ते एक वर्ष या वयात दिवस-रात्र मिळून बारा ते सोळा तास झोप पुरेशी असते. म्हणजे झोप कमी नव्हती. पाच दिवस आई स्वयंपाकात असताना आजी तिला साडेसहाला झोळीत घालत होत्या आणि ती पावणेआठपर्यंत झोपत होती. त्या पाचही रात्री अकरा वाजले. दोन दिवस घरी पाहुणे असल्याने ही झोप झाली नाही आणि त्या रात्री ती सव्वानऊलाच झोपली.

मग एकच बदल केला. संध्याकाळची झोप अर्ध्या तासाची ठेवून सहापूर्वी संपवायची. बाकी सारे तसेच. पाचव्या दिवसापासून ती साडेनऊच्या सुमारास झोपू लागली. रात्री एकदा दुधासाठी उठणे चालूच राहिले. या वयात त्यात काही वावगे नाही. एकाच वेळी दोन-तीन बदल केले असते, तर गुण कशाचा हे कळलेच नसते.

तीन महिन्यांच्या आतील बाळाला दिवस-रात्रीचा ताळमेळ नसतो, त्यामुळे त्याच्या नोंदीत ठराविक क्रम शोधू नये. आणि बाळ झोपेत घोरत असेल, श्वास मध्येच थांबत असेल, ताप असेल, लघवी कमी होत असेल, वजन वाढत नसेल किंवा ते नेहमीपेक्षा सुस्त असेल, तर आठवडाभर नोंद करीत बसू नका. लगेच डॉक्टरांना दाखवा.