एकच आवाज, तीन हात

सकाळी ९

पुण्यातलं मसाल्यांचं दुकान, एप्रिल महिना, म्हणजे ऐन हंगाम. माझं काम आज एका दिवसात संपवायचं आहे: इन्स्टाग्राम आणि फेसबुकवर दुकानाच्या नावाने तिघंजण लिहितात, ते एकाच माणसाने लिहिल्यासारखं वाटावं म्हणून दोन पानांचं मार्गदर्शक लिहायचं. मी गेल्या दोन महिन्यांतल्या साठ कॅप्शन छापून, कापून आणल्या आहेत. कोणी लिहिल्या हे मला सांगू नका, असं बजावलं होतं. अर्ध्या तासात त्यांच्या तीन चळती आपोआप लागल्या.

पहिली चळत: ‘भावांनो, कांदा-लसूण मसाला आलाय, घेऊन टाका!’ आणि पुढे आगीच्या पाच इमोजी. दुसरी: ‘आपणांस कळविण्यास आनंद होतो की, कांदा-लसूण मसाला विक्रीस उपलब्ध झाला आहे.’ तिसरी: ‘अस्सल चव, अस्सल परंपरा, खास तुमच्यासाठी!’ चळती लागल्यावर नावं विचारली: पहिली डिझाइन करणाऱ्या मुलाची, दुसरी गल्ल्यावरच्या ताईंची, तिसरी मार्केटिंगला नव्याने आलेल्या मुलीची. तिन्ही कॅप्शन एकाच आठवड्यातल्या, एकाच पाकिटाबद्दलच्या.

सकाळी १०

दुकानाकडे आधीचं एक मार्गदर्शक आहे. त्यात चार शब्द: ‘आपुलकीचा, अस्सल, तरुण, विश्वासू’. तिघांनीही ते वाचलंय आणि तिघांनाही आपण ते पाळतो असं वाटतं. ताईंना ‘कळविण्यास आनंद होतो’ यात आपुलकी दिसते, मुलाला ‘भावांनो’मध्ये. विशेषणाचा अर्थ ज्याचा त्याचा असतो, म्हणून त्यावर कुणाचं वाक्य तपासता येत नाही. सर्वनाम आणि क्रियापद मात्र तपासता येतात. तेव्हा ते चार शब्द आज बाद.

सकाळी १०.३०

एक तास मालकीणबाईंच्या शेजारी, गल्ल्यामागे. सगळे त्यांना काकू म्हणतात. आवाज नव्याने बनवायचा नसतो, तो दुकानात असतोच. मी वही काढून गिऱ्हाइकांशी होणारं बोलणं जसंच्या तसं उतरवते.

‘दोन चमचे पुरे. तिसरा घातलात तर पाणी मागाल.’
‘रंग हवाय ना? मग ब्याडगीचा न्या. लवंगीचा नको, तो नुसता तिखट.’
‘आज नका नेऊ, उद्या ताजं कांडप येतंय.’

तासाभरात त्यांनी स्वतःच्या मसाल्याला एकदाही ‘उत्तम’ म्हटलं नाही. त्या माप सांगतात, फरक सांगतात, गरज नसेल तर घेऊ नका म्हणतात. मार्गदर्शकाचा पहिला नियम इथेच मिळाला: कौतुक नको, माप द्या. ‘अप्रतिम चव’ लिहावंसं वाटलं, तर त्याजागी किती चमचे, कशात, कधी घालायचं ते लिहा.

दुपारी १२

आता व्याकरण. मराठीत सूर सगळ्यात आधी इथे बिघडतो.

वाचकाला ‘तुम्ही’ म्हणायचं, ‘तू’ नाही. ‘आपण’चा घोळ मोठा, कारण त्याचा अर्थ आदरार्थी ‘तुम्ही’ही होतो आणि ‘मी आणि तुम्ही मिळून’ही होतो. ‘आपण हा मसाला वापरून पाहावा’ आणि ‘आपण आज झुणका करू’ एकाच पानावर आले की वाचक गोंधळतो. ठरवलं की ‘आपण’ फक्त सोबतीच्या अर्थाने वापरायचा. दुकान जे करतं त्याला ‘आम्ही’: ‘आम्ही मिरची वाळवतो’, पण ‘आपण पिठलं करू’.

दुसरा निर्णय: ‘केले, आले, झाले’ की ‘केलं, आलं, झालं’? काकू बोलतात तसं, म्हणजे ‘केलं’. हंगामाच्या पोस्टपासून सुट्टीच्या सूचनेपर्यंत सगळीकडे तेच.

तिसरा निर्णय हॅशटॅगचा. ‘लसूण’ आणि ‘लसुण’ या दोन लेखनांचे दोन वेगळे टॅग होतात, आणि मधे जागा किंवा जोडरेघ आली की टॅग तिथेच तुटतो. म्हणून #कांदालसूणमसाला असा एकच, याच लेखनाचा.

दुपारी १२.४५

नको असलेल्या शब्दांची यादी. ‘घरगुती’वर वाद झाला. नव्या मुलीला तो शब्द फार प्रिय. पण खाद्यपदार्थांच्या जाहिराती आणि दाव्यांबाबत एफएसएसएआयचे २०१८चे नियम आहेत आणि ‘होम मेड’सारखे, ग्राहकाचा गैरसमज होईल असे शब्द त्यांना चालत नाहीत. आमचा मसाला डंकावर कुटला जातो, यंत्राने पाकिटात भरला जातो. काकू म्हणाल्या, ‘डंकावर कुटलेला असंच लिहा की. ते खरंय.’ यादीत ‘घरगुती’समोर ‘डंकावर कुटलेला’ आला. नुसती मनाई केली की माणूस अडतो, म्हणून प्रत्येक बाद शब्दासमोर पर्याय लिहिला.

दुपारी २.३०

पहिली परीक्षा. तिघांना वेगवेगळं बसवून एकच विषय दिला: अवकाळी पावसाने मिरची वाळली नाही, मसाला आठवडाभर उशिरा येईल. वीस मिनिटं. कागदावर नाव नाही.

तिघंही मी बरोबर ओळखले. म्हणजे मार्गदर्शक नापास. चूक दोन ठिकाणी होती. ‘वाक्यं छोटी ठेवा’ या नियमाने मुलाने तारच पाठवली: ‘पाऊस. मिरची ओली. थांबा.’ आणि ‘हलका विनोद चालेल’ या ओळीतून नव्या मुलीने ‘इतकी घाई असेल तर मिरची पावडर खा’ असा टोमणा काढला.

दोन्ही नियम बदलले. पहिली ओळ क्रियापदासह पूर्ण वाक्य असावी, दहा-बारा शब्दांत मुख्य बातमी सांगणारी, कारण फीडमध्ये सुरुवातीच्या ओळीच दिसतात, बाकीचं more दाबल्यावर. विनोद तिखटावर किंवा स्वतःवर, गिऱ्हाइकावर कधीच नाही.

दुपारी ४

आवाज एकच असला तरी सूर प्रसंगाने बदलतो. तो कुठे बदलायचा हे लिहिलं नाही, तर तक्रारीखालीही हसरी इमोजी पडते. पाकिटात खडा निघाल्याची तक्रार घेऊन नमुना केला.

आधी: ‘गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे.’

आता: ‘खडा निघाला ही आमची चूक, माफ करा. पाकिटावरचा बॅच नंबर मेसेजमध्ये पाठवाल का? दुसरं पाकीट आजच पाठवतो.’

‘तुम्ही’ आणि बोलीतली क्रियापदं तीच राहिली. गेला तो विनोद, इमोजी आणि हॅशटॅग.

संध्याकाळी ५.३०

दुसरी परीक्षा, विषय पुन्हा उशिराचाच. एका कागदावर आलं: ‘कांदा-लसूण मसाला यंदा आठवडाभर उशिरा येतोय. अवकाळी पावसाने मिरची ओली राहिली, आणि ओली मिरची कुटली तर मसाल्याला बुरशी धरते. आम्ही ती पुन्हा उन्हात घातलीय. तोवर जुन्या बरणीतला चमचा जपून वापरा.’

मला वाटलं, नव्या मुलीचं. ते ताईंचं निघालं. तिघांपैकी एकाचाच कागद बरोबर ओळखला, तोही मुलाने सवयीने दोन उद्गारचिन्हं घातली म्हणून.

संध्याकाळी ७

दोन पानं पूर्ण झाली: आठ नियम, प्रत्येकाखाली ‘असं नको, असं हवं’ची जोडी. तळाशी एक ओळ: नियमात न बसणारा प्रश्न आला तर निर्णय काकूंचा, आणि तो त्याच दिवशी या पानावर लिहायचा. छापील प्रत गल्ल्यामागे चिकटवली. महिन्याने मी पुन्हा कॅप्शन कापून आणणार आहे, नावं न विचारता.